‘नाही’ असं लिहिलं होतं: विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची एक सकाळ

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं आहे. विद्यार्थिनी २३ वर्षांची, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर. वाहतूक अभियांत्रिकीतल्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी तिला प्रवेश मिळाला होता. ओळख पटू नये म्हणून नावं, शहरं आणि विद्यापीठ गाळलं आहे. तारखांचा क्रम मात्र ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या क्रमावरच उभं आहे.

विद्यापीठाला अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला. जानेवारीत मोठ्या बहिणीचं लग्न झालं. नवरा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा. १२ फेब्रुवारीला प्रवेशपत्र आलं आणि ६ मार्चला विद्यापीठाने आय-२० पाठवला. आय-२० हा विद्यार्थी व्हिसाचा पायाच म्हणायचा: अभ्यासक्रम कोणता, सुरू कधी होणार, वर्षाचा खर्च किती आणि तो कोण भरणार, हे सगळं त्याच्या पहिल्या पानावर असतं. तो हाती आल्यावर तिने परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेव्हिस या अमेरिकी सरकारी यंत्रणेचं ३५० डॉलरचं शुल्क भरलं. २० मार्चला डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज पूर्ण करून सादर केला, १८५ डॉलरचं व्हिसा शुल्क भरलं आणि मुलाखतीची तारीख घेतली; एप्रिलमध्ये ती बदलून १८ जून केली. अभ्यासक्रम २४ ऑगस्टला सुरू होणार होता.

पुढे दोन गोष्टी घडल्या. ९ मे रोजी बहीण एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर नवऱ्याकडे गेली. १४ मे रोजी विद्यापीठाने ८,००० डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली आणि सुधारित आय-२० पाठवला. वर्षाचा एकूण खर्च ४४,६०० डॉलरच राहिला, पण कुटुंबाच्या नावावरची रक्कम ३६,६०० वर आली. घरात दोन्ही बातम्यांचा आनंद झाला. त्यांचा मार्चमध्ये भरलेल्या अर्जाशी काही संबंध आहे, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

अडचण: रांगेत सापडलेलं एक उत्तर

मुलाखतीची वेळ सकाळी ८ ची होती. ती ७ वाजून १० मिनिटांनी रांगेत उभी राहिली, बाबा रस्त्यापलीकडे थांबले. बोटांचे ठसे आणि फोटो आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रात झाले होते. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तो बाबांकडे द्यायचा होता; पण रांग अजून लांब होती आणि फोन हातातच होता.

आत न्यायला डीएस-१६० चं फक्त बारकोड असलेलं पोचपान लागतं. तिच्या फाइलमध्ये मात्र अर्जाची संपूर्ण छापील प्रतही होती. उजळणी म्हणून ती पानं उलटत होती आणि कुटुंबाच्या पानावर थांबली. त्या पानावर विचारलेलं असतं की आईवडील सोडून तुमचं जवळचं कोणी अमेरिकेत आहे का. जवळचं म्हणजे पती किंवा पत्नी, वाग्दत्त, मूल, भाऊ किंवा बहीण. तिचं उत्तर होतं: नाही.

२० मार्चला ते उत्तर खरं होतं. १८ जूनला नव्हतं.

हे गंभीर आहे की नाही, यावर रांगेतही दोन मतं पडली. पुढे उभ्या असलेल्या एका मुलाने सांगितलं, “विचारलं तरच सांग. तीन मिनिटांत सगळं संपतं, त्यांना तरी कुठे वेळ आहे?” मागच्या बाईंचं म्हणणं होतं की बहिणीचं नाव निघालं की व्हिसा गेलाच म्हणून समज.

बाईंची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार विद्यार्थी व्हिसा मागणारी प्रत्येक व्यक्ती कायमची राहायलाच चालली आहे, असं धरून चालायचं असतं. तसं नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. सख्खी बहीण तिथे असणं ही त्या तराजूत पडणारी एक गोष्ट आहे. पण ती एकच गोष्ट. भाऊ-बहीण तिथे असलेल्या विद्यार्थ्यांना व्हिसा मिळतच असतो. नातं असण्यापेक्षा ते दडवल्याचं दिसणं कितीतरी महाग पडतं, कारण तिथे कलमच बदलतं. २१४(बी)खाली नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं, तर २१२(ए)(६)(सी) लागतं, आणि ती बंदी आजन्म असते. ती उठवण्याची वाट अरुंद आहे.

‘विचारलं तरच सांग’ या सल्ल्यातही अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवा. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की नुसतं गप्प राहणं किंवा आपणहून माहिती न देणं म्हणजे खोटी माहिती देणं नव्हे. पण इथे ती गप्प नव्हती. अर्जात ‘नाही’ असं लेखी उत्तर होतं. मुलाखतीच्या दिवशी ठसे पडताळताना अर्जदार शपथेवर हेही सांगत असतो की अर्जातली आणि मुलाखतीतली माहिती खरी आहे. म्हणजे मार्चमधलं ‘नाही’ १८ जूनला खिडकीसमोर पुन्हा एकदा उच्चारलं जाणार होतं, आणि या वेळी ते खोटं असणार होतं.

शिवाय ही गोष्ट लपणारी नव्हतीच. बहिणीचा एच-४ याच यंत्रणेतून निघालेला. दोघींच्या अर्जांत आईवडिलांची नावं तीच. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांची खाती द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. तिच्या खात्यावर ९ मेचे विमानतळावरचे फोटो होते, खाली लिहिलेलं: ताई चालली.

समोरचे पर्याय

७ वाजून २५ मिनिटांनी तिच्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली, अर्ज तिथल्या तिथे दुरुस्त करणं. डीएस-१६० एकदा सादर झाला की त्यात फेरफार करता येत नाही. जुन्या अर्जाच्या आधारे नवा तयार करता येतो, बरीचशी माहिती आपोआप भरून येते आणि फोनवरही हे एक वेळ जमलं असतं. पण नव्या अर्जाला नवा क्रमांक मिळतो, आणि मुलाखतीची वेळ जुन्या क्रमांकाशी बांधलेली असते. तो क्रमांक वेळेच्या नोंदणीत आधीच बदलावा लागतो. त्यासाठी किती दिवस आधीची मुदत, हे ठिकाणागणिक वेगळं असतं. त्याच सकाळी वेगळ्या बारकोडचं पान घेऊन गेलं तर दारातूनच परत पाठवण्याचा धोका होता. ही वाट बंद होती.

दुसरी वाट परत फिरून नवी तारीख घेण्याची. नियमाच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ वाट हीच. तिने फोनवर तारखा पाहिल्या. सगळ्यात जवळची मोकळी तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. अभ्यासक्रम २४ तारखेला सुरू. मध्ये एखादा कागद जरी मागितला गेला असता तरी सत्र हुकलं असतं. वेळ बदलण्याच्या संधीही मोजक्याच असतात, आणि एक तिने एप्रिलमध्ये वापरून टाकली होती.

तिसरी वाट रांगेतल्या मुलाने सांगितलेली: गप्प राहायचं, विचारलं तर सांगायचं. चौथी म्हणजे कोणी विचारायच्या आधी आपणच सांगून टाकायचं.

तिने ताईला फोन लावला. तिथे रात्र होती. ताईने एकच विचारलं, “माझ्यामुळे तुझं अडतंय का गं?” आणि मग कामाची गोष्ट सांगितली: तिच्या व्हिसाचा प्रकार, ती पोचली ती नेमकी तारीख, राहते ते राज्य. तिला अजून काम करायची परवानगी नाही, हेही. हे चार तपशील विद्यार्थिनीने मनात पक्के केले. हा फोन फार उपयोगी ठरला, कारण आत गेल्यावर ‘बहुतेक मे महिन्यात गेली असावी’ असं मोघम उत्तर देण्याची वेळ आली नाही. सख्ख्या बहिणीबद्दलचं ‘बहुतेक’ खिडकीपलीकडे चमत्कारिक ऐकू येतं.

चौथी वाट ठरली. नियमपुस्तिकेतला एक मुद्दा या बाजूने फार भक्कम आहे. चुकीची माहिती अर्जदाराने वेळेवर आपणहून सुधारली, तर ती चूक धुऊन निघते. ‘वेळेवर’ म्हणजे अधिकाऱ्याने पकडण्याआधी. पकडल्यानंतरची कबुली त्यात बसत नाही. ‘विचारलं तर सांगेन’ या वाटेचा खरा धोका हाच आहे: विचारणाऱ्या अधिकाऱ्यासमोर बहिणीची नोंद आधीच उघडी असू शकते, आणि मग आपलं खरं उत्तरही पकडल्यानंतरचं ठरतं.

काय केलं: दारापासून खिडकीपर्यंत

सांगायचं कुठे, हा पुढचा निर्णय. आत चार टप्पे होते. आधी सुरक्षा तपासणी. मग कागद तपासण्याची खिडकी, तिथे पासपोर्ट, पोचपान आणि आय-२० पाहिले जातात. मग ठशांची पडताळणी, आणि शेवटी अधिकाऱ्याची खिडकी.

कागदांच्या खिडकीवर तिने विषय काढला. तिथल्या कर्मचाऱ्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे अधिकाऱ्यांना सांगा, इथे अर्जात बदल होत नाही. याच खिडकीवर दुसरी एक त्रुटी निघाली. सुधारित आय-२० वर तिची सही राहिली होती. पहिल्या पानाच्या तळाशी विद्यार्थ्याच्या प्रतिज्ञेखाली सही लागते. मार्चच्या प्रतीवर ती होती, मेच्या प्रतीवर नव्हती. कर्मचाऱ्याने पेन दिलं, तिने तिथेच सही केली आणि दहा सेकंदांत काम झालं. सुधारित आय-२० आला की सही राहणं ही नेहमीची गफलत आहे, कारण सही आपण एकदा केलेली असते आणि मनाने ते काम संपलेलं असतं.

आतल्या रांगेत ४० मिनिटं गेली. या वेळात तिने काय बोलायचं ते जुळवलं. पहिला मसुदा लांबलचक होता: लग्न कधी झालं, अर्ज कधी भरला, तेव्हा ताई इथेच होती, आपल्या लक्षातच आलं नाही, क्षमा करा. एवढं बोलायला अर्धा मिनिट लागलं असतं आणि ऐकणाऱ्याला मुद्दा शेवटी कळला असता. मुलाखतच दोन ते चार मिनिटांची. तिने ते दोन वाक्यांवर आणलं: काय बदललं, आणि कधी. क्षमा मागण्याचा भाग तिने गाळला. ते योग्यच झालं, कारण चूक झालीच नव्हती, परिस्थिती बदलली होती. माफीच्या सुरात ती चूक वाटली असती.

शेजारच्या खिडक्यांवरचं बोलणं ऐकू येत होतं. एका मुलाला नकाराचा कागद मिळाला आणि तो “पण माझ्याकडे सगळे कागद आहेत” असं म्हणत राहिला. अधिकाऱ्याने त्याची फाइल उघडूनही पाहिली नव्हती. बाहेरून हा अन्याय वाटतो, पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर अर्ज असतो आणि सेव्हिसमधली विद्यापीठाची नोंदही. निर्णय बव्हंशी त्यावर आणि तोंडी उत्तरांवर होतो. फाइल ही मागितली तर दाखवायची वस्तू आहे.

८ वाजून ५५ मिनिटांनी तिला खिडकी मिळाली. संभाषण इंग्रजीत झालं. इथे मराठीत दिलं आहे.

“सुप्रभात. पासपोर्ट आणि आय-२० द्या.”

तिने दोन्ही आत सरकवले आणि लगेच म्हणाली, “सुरुवातीलाच एक सांगायचं आहे. मार्चमध्ये अर्ज भरला तेव्हा माझं जवळचं कोणी अमेरिकेत नव्हतं; ९ मे रोजी माझी बहीण एच-४ वर तिथे गेली आहे.”

अधिकाऱ्याने मान वर केली, पडद्यावर काहीतरी शोधलं, थोडं टाइप केलं. “ठीक. कोणत्या विषयासाठी चालला आहात?”

इथून पुढे नेहमीचे प्रश्न झाले. विषय कोणता, हेच विद्यापीठ का. तिने पदवीच्या प्रकल्पाबद्दल सांगितलं: चौकातल्या सिग्नलच्या वेळा बसच्या येण्याप्रमाणे कशा बदलायच्या. तिथल्या दोन अभ्यासक्रमांची नावं घेतली. आणखी कुठे अर्ज केले होते? पाच ठिकाणी, दोन प्रवेश, तीन नकार. नकार तिने आपणहून सांगितले, त्याने काही बिघडलं नाही. खर्च कोण करणार? ८,००० डॉलर शिष्यवृत्ती, उरलेल्यापैकी २५,००० चं मंजूर शिक्षणकर्ज आणि ११,६०० वडिलांच्या बचतीतून. हे आकडे आय-२० वरच्या ३६,६०० शी जुळत होते, आणि तिने कागदाकडे न पाहता सांगितले. कर्जाचं पत्र मागितलं गेलं नाही.

शेवटचा प्रश्न

अधिकाऱ्याने आय-२० पुन्हा हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं.

“हा १४ मेला दिला आहे. बहीण ९ मेला गेली. म्हणजे बहीण तिथे गेल्यावर तुम्ही तिथे शिकायचं ठरवलंत?”

हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता. त्यात दुष्टपणाही नव्हता. हातातला कागद जे सांगत होता तेच अधिकारी विचारत होता. सुधारित आय-२० वर सुधारित तारीख असते. सेव्हिस क्रमांक तोच राहतो, पण पहिला आय-२० कधी निघाला होता हे नव्या कागदावरून डोळ्यांना दिसत नाही.

इथे तीन प्रकारची उत्तरं तोंडात येऊ शकतात. एक म्हणजे थेट इन्कार: नाही, तसं काही नाही. खरं असूनही यातून अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरं, पाठ केलेलं: माझे आईवडील इथे आहेत, मी शिकून परत येणार. विचारलं ते हे नव्हतं. प्रश्न तारखांचा होता. परत येण्याचं उत्तर दिलं असतं तर तारखांवर उत्तर नाही असाच अर्थ निघाला असता.

तिसरं तारखांचं, आणि तिने तेच दिलं: “नाही. अर्ज नोव्हेंबरमध्ये केला, बहिणीच्या लग्नाआधी. पहिला आय-२० ६ मार्चचा आहे. हा शिष्यवृत्तीमुळे पुन्हा काढला.” आणि थांबून, “पहिला माझ्याकडे आहे. दाखवू?”

“दाखवा.”

तो फाइलच्या मागच्या कप्प्यात, जुन्या गुणपत्रिकांच्या खाली होता. सापडायला वीसेक सेकंद लागले. काउंटरवर वीस सेकंद फार मोठे असतात; हात थरथरत होते आणि दोन गुणपत्रिका खाली पडल्या. अधिकाऱ्याने मार्चचा आय-२० पाहिला, दोन्ही प्रतींवरचा सेव्हिस क्रमांक ताडून पाहिला. मग विचारलं, “ती राहते तिथून तुमचं विद्यापीठ किती दूर?” पण उत्तराची वाट न पाहताच छापील कागद उचलला होता, त्यामुळे हा प्रश्न कितपत धरायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. तिने सांगितलं: वेगळं राज्य, विमानाने जावं लागतं.

कागद २२१(जी)चा होता. त्यावर खूण केली होती: अद्ययावत डीएस-१६० सादर करून त्याचा क्रमांक कळवावा. पासपोर्ट ठेवून घेतला. “उत्तर बदलून नवा अर्ज भरा. बाकी काही नको,” एवढंच अधिकारी म्हणाला.

निकाल

बाहेर आल्यावर तिचा चेहरा पाहून बाबांना नकारच वाटला. एका अर्थाने तो नकार होताही. २२१(जी) म्हणजे अर्ज आज मंजूर करण्याइतका पूर्ण नाही. कायद्याच्या भाषेत ती नकाराचीच नोंद असते. त्याच रात्री स्थितीच्या संकेतस्थळावर `Refused` हा शब्द दिसला आणि घरात कोणाला झोप लागली नाही. कित्येक कुटुंबं इथे घाबरून नवं शुल्क भरतात, नवी तारीख घेतात, आणि चालू असलेल्या प्रकरणाशेजारी दुसरं उभं करतात. त्याची गरज नसते. मागितलेली गोष्ट द्यायला एक वर्षाची मुदत असते आणि तेवढ्यात दिली तर पुन्हा शुल्क लागत नाही.

काय मागितलं आहे आणि पासपोर्ट कुठे आहे, या दोन गोष्टींवरून २२१(जी)चा अंदाज बांधता येतो. इथे एकच स्पष्ट वस्तू मागितली होती आणि पासपोर्ट आत होता. प्रशासकीय छाननी अशी खूण असती आणि पासपोर्ट परत मिळाला असता, तर आठवड्यांची किंवा महिन्यांची तयारी ठेवावी लागली असती.

तिने त्याच संध्याकाळी जुन्या अर्जाच्या आधारे नवा भरला. बहिणीचं नाव लिहिलं, दर्जाच्या जागी ‘बिगर-स्थलांतरित’ निवडलं. सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि आणखी एक बदललेली गोष्ट सापडली: प्रकल्प सहायक म्हणून धरलेली नोकरी तिने मे महिनाअखेरीस सोडली होती, अर्जात ती चालू दाखवलेली होती. तीही दुरुस्त केली. नवा क्रमांक दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर दिलेल्या पद्धतीने कळवला. सहाव्या दिवशी स्थिती `Issued` झाली, नवव्या दिवशी पासपोर्ट हातात आला. ९ ऑगस्टला ती निघाली. नव्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांआधी प्रवेश मिळत नाही, तेव्हा ही तारीख त्या मर्यादेत व्यवस्थित बसत होती.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी ९ मे ते १८ जून या ४० दिवसांत हुकली. बहीण गेल्याच्या आठवड्यात नवा डीएस-१६० भरून वेळेच्या नोंदणीत क्रमांक बदलला असता, तर ही सकाळ साधी गेली असती. अडचण अशी की या अर्जाकडे लोक भरून झालेलं काम म्हणून पाहतात. तो सादर केल्याच्या आणि मुलाखतीच्या दिवसांत दोन-तीन महिने जात असतील, तर मुलाखतीच्या दहा दिवस आधी तो परक्याचा असल्यासारखा वाचावा. त्यातही चार पानं आधी: कुटुंब, नोकरी, प्रवास आणि समाजमाध्यमं. बदल होतात ते बहुधा याच पानांवर. दहा दिवस अशासाठी, की क्रमांक बदलायची मुदत तोवर सहसा हातात असते.

दुसरा मुद्दा वादाचा आहे. काही अनुभवी सल्लागार म्हणतील की सुरुवातीलाच सांगून तिने २२१(जी) ओढवून घेतला; अधिकाऱ्याने विचारलंच नसतं आणि त्याच दिवशी मंजुरी मिळाली असती. असं घडूही शकलं असतं. पण त्या मंजुरीखाली शपथेवर सांगितलेलं एक खोटं उत्तर राहिलं असतं, आणि तो अर्ज कधी पुसला जात नाही. पुढे व्हिसाचा प्रकार बदलताना, किंवा बहिणीच्या एखाद्या अर्जाच्या निमित्ताने, दोन नोंदी शेजारी आल्या असत्या तर मार्चमधलं ‘नाही’ साधं आणि खरं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर पडली असती. नऊ दिवसांच्या बदल्यात ते ओझं उतरलं. तारीख जुळत असती तर परत फिरणं याहून बरं, हे मात्र मान्य करायला हवं. जूनच्या अखेरीस एखादी वेळ मोकळी असती, तर दुसरी वाटच योग्य होती.

सांगण्याची जागाही तपासून पाहावी. कागदांच्या खिडकीवर तिला पुढे पाठवलं गेलं, तरी तिथे विषय काढणं वाया गेलं नाही, कारण अधिकाऱ्यासमोर तेच दुसऱ्यांदा बोलताना शब्द अडखळले नाहीत. अधिकाऱ्यासमोर पहिल्याच वाक्यात सांगितल्यामुळे पुढचे सगळे प्रश्न त्या माहितीसह विचारले गेले. शेवटी सांगितलं असतं तर आधीची उत्तरं पुन्हा संशयाने पाहिली गेली असती.

उरते फाइल. सुधारित आय-२० आला की जुना फाडू नये. दोन्ही एकत्र टाचून, नवा वर आणि जुना खाली, पासपोर्टच्या मागेच ठेवावेत. नव्यावर सही आहे का ते घरीच पाहावं. प्रवेशपत्राचीही तारीख असलेली प्रत सोबत हवी. तिच्याकडे जुना आय-२० होता, तो केवळ तिला काही टाकवत नाही म्हणून, आणि तो गुणपत्रिकांखाली होता. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातल्या तारखा तिला तोंडपाठ होत्या, पण अधिकाऱ्याला पटलं ते कागदावरची ६ मार्च ही तारीख पाहून.